आजाऱ्यासाठीची पिशवी

पुण्यातल्या एका घरात रविवारी सकाळी साडेसातला मोबाइलवर यादी लिहिली गेली. ओआरएस, ग्लुकोजची पावडर, सफरचंदाचा ज्यूस, क्रीमची बिस्किटं, ब्रेड, साबुदाणा, डझनभर केळी. नऊ वर्षांच्या मुलाला शनिवारी रात्री अकरापासून उलट्या होत होत्या आणि पहाटेपासून जुलाब. वडील पिशवी घेऊन खाली उतरले. तोवर आईला औषधांच्या डब्यात ओआरएसची एक पुडी सापडली. तिने ती स्टीलच्या पेल्यात रिकामी केली, वर पाणी ओतलं, ढवळलं आणि मुलाच्या तोंडाला लावलं. मुलाने दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं आणि सगळं बाहेर काढलं.

आजीने पेला हातात घेऊन एक थेंब जिभेवर टेकवला. "अगं, ही तर खारवणी झाली! किती पाण्यात घातलीस?"

"पेलाभर पाण्यात, आई."

पुडी एक लिटरची होती. पेल्यात पाणी जेमतेम २०० मिली. म्हणजे पाचपट तीव्र मिश्रण मुलाच्या पोटात जाणार होतं. ही चूक घरोघरी होते आणि साधी वाटली तरी साधी नाही. एवढं खारट पाणी जुलाबाने सुकलेल्या लहान मुलाच्या पोटात गेलं, तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येण्यापर्यंत वेळ येऊ शकते. इथे मुलाने ते ओकून टाकलं, म्हणून निभावलं.

जुलाब-उलट्यांनंतरची खरेदी दोन दुकानांत होते, आधी मेडिकलमध्ये आणि मग वाण्याकडे. पहिल्या काही तासांत वाण्याकडच्या कशाचीच घाई नसते. शरीरातून निघून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणं एवढंच तेव्हाचं काम, आणि त्यासाठी लागणारी वस्तू यादीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू असते.

आपल्याकडे सरकारी भिंतींवर आणि पत्रकांवर ओआरएसला 'जलसंजीवनी' म्हणतात. त्यात चारच गोष्टी असतात. एक लिटर पाण्यासाठी साधं मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज २०.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून हेच प्रमाण ठेवलं आहे, आणि पुडीच्या मागे हेच आकडे छापलेले असायला हवेत. दुकानात उभ्या उभ्या एवढं वाचलं तरी पुरतं.

यात साखर का, असा प्रश्न पडतो. ती ताकद येण्यासाठी किंवा चवीसाठी नसते. लहान आतड्याच्या अस्तरात ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी एक वाट आहे. दोघं बरोबर आले की आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाबात आतड्याचं बाकीचं तंत्र बिघडलं, तरी ही वाट बहुतेक वेळा चालू राहते. नुसतं पाणी प्यायलं तर बरंचसं तसंच खाली निघून जातं. साखर फार झाली तर उलटाच प्रकार होतो. आतड्यात न शोषली गेलेली साखर शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून मीठ, साखर आणि पाणी यांचं प्रमाण सांभाळावं लागतं.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट दगावत होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज मेडिकलच्या गल्ल्याजवळच्या बरणीत खोचून ठेवलेली पुडी त्याच पाण्याचं सुधारलेलं रूप आहे.

वडील परत आले तेव्हा पिशवीत पुडी नव्हतीच. संत्र्याच्या चवीच्या तयार पेयाचे दोन खोके होते. "हेच चालतं हल्ली," असं दुकानातल्या मुलाने सांगितलं होतं. अशा खोक्यांवर अनेक वर्षं मोठ्या अक्षरांत 'ओआरएस' छापलेलं असायचं, आणि आत साखर मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आदेश काढून ठरलेलं प्रमाण न पाळणाऱ्या पेयांच्या नावातून हा शब्द काढायला लावला. शब्द गेला तरी इलेक्ट्रोलाइटची गोड पेयं त्याच फळीवर असतात, आणि घाईत आलेला गिऱ्हाईक बोटाने दाखवून तीच उचलतो. धडधाकट माणसाने उन्हातून आल्यावर ती प्यायली तर प्यायली. जुलाब झालेल्या मुलासाठी ती नाहीत.

यादीतली ग्लुकोजची पावडर आणि सफरचंदाचा ज्यूस यांचंही तेच. पावडरीत जवळजवळ सगळं ग्लुकोजच असतं, लागणारं मीठ नसतं. ज्यूसमध्ये साखर भरपूर आणि सोडियम नगण्य. शहाळ्याच्या पाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यात पोटॅशियम चांगलं असतं, सोडियम मात्र कमी. तोंडाला चव यावी म्हणून मधूनमधून द्यायला ते चांगलं, पण जलसंजीवनीच्या जागी नाही.

वडील पुन्हा खाली गेले आणि पाच पुड्या घेऊन आले. या वेळी पाणी मोजून घेतलं. घरात मापाचं भांडं नव्हतं, पण प्रवासातली पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली होती. आजीने ती धुतली, उकळून गार केलेलं पाणी खांद्यापर्यंत भरलं, पुडी पूर्ण रिकामी केली, वर उरलेलं पाणी घातलं आणि बूच लावून बाटली हलवली. पाणी जरा गढूळ दिसलं, मग निवळलं. तिने पुन्हा एक थेंब जिभेवर घेतला. अश्रू लागतात तितपतच खारट लागायला हवं, त्याहून जास्त नाही. आधी कोणाला मोजायचं सुचलं नाही तरी ही परीक्षा ऐन वेळी कामी येते.

पुडी अर्धी-अर्धी करू नये. पूड हलून मीठ एका बाजूला आणि ग्लुकोज दुसऱ्या बाजूला गेलेलं असू शकतं. लिटरभर नको असेल तर २०० मिलीची छोटी पुडी मिळते, ती मागावी. घेताना 'किती पाण्यासाठी' ही ओळ आधी वाचावी, कारण दोन्ही पुड्या दिसायला सारख्याच असतात. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. खेड्यापाड्यांत आशा ताई आणि आरोग्य केंद्रात या पुड्या फुकट मिळतात. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरायचा नाही, वरून बोट फिरवून सपाट करायचा.

उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबले, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. दुपारपर्यंत उलट्या थांबल्या. त्यानंतर प्रत्येक जुलाबामागे अर्धा ते एक पेला. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा पेला द्यावा, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध बंद करू नये. लहान मुलांच्या जुलाबात झिंकही देतात, ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आता वाण्याचं दुकान. उलट्या थांबल्यावर चार-पाच तासांनी मुलाने "भूक लागली" म्हटलं आणि घरात वाद झाला. आई म्हणाली, आज पोटाला विश्रांती देऊ. पोट रिकामं ठेवायचा हा सल्ला आता डॉक्टर देत नाहीत. आतड्याच्या अस्तराच्या पेशी भराभर झडतात आणि नव्या येतात, त्यांना अन्न लागतं. मात्र ते असं हवं की शिजून विरघळलेलं असेल, तेल-मसाला नसेल आणि एका वेळी वाटीभरच पोटात जाईल.

मराठी घराला यासाठी वेगळ्या रोगीखान्याची गरज नाही. वाण्याकडे मागायचं ते हे: अर्धा किलो आंबेमोहोराची कणी, पाव किलो पिवळी मूगडाळ, शंभर ग्रॅम साळीच्या लाह्या. मंडईतून चार केळी आणि एक कोवळा दुधी. दही घरचं नसेल तर एक लहान डबा. एवढंच. आजाऱ्याच्या घरी लोक पिशव्या भरून आणतात आणि आठवड्याने निम्मं टाकून देतात. आजारी माणूस दिवसभरात फार तर तीन-चार वाट्या खातो.

कणी म्हणजे तांदूळ सडताना तुटलेले दाणे. अख्ख्या तांदळापेक्षा त्या स्वस्त असतात आणि पेजेसाठी जास्त चांगल्या. तुकडा लहान म्हणून लवकर शिजतो, पिठूळ पाणी सुटतं आणि पेज दाट न होता मिळून येते. घेताना मूठभर कणी तळहातावर पसरून बघावी. खडे, जाळी, कुबट वास यांपैकी काही असेल तर सोडावी. आजीबाई 'जुना तांदूळ दे' म्हणतात, त्यालाही अर्थ आहे. नवा तांदूळ शिजताना चिकट गोळा होतो, जुना पाणी जास्त घेतो आणि मोकळा मऊ होतो. कोकणात आणि गोव्यात पेज उकड्या तांदळाची. भात टरफलासकट उकडताना टरफलाजवळची काही जीवनसत्त्वं दाण्याच्या आत मुरतात, त्यामुळे तो सडल्यावरही ती बरीच टिकून राहतात. त्याला शिजायला वेळ लागतो एवढंच.

रविवारी चारला पहिली पेज झाली. एक वाटी कणीला आठ वाट्या पाणी, मंद आचेवर पाऊण तास. दाणा बोटाने दाबल्यावर कुठेच लागता कामा नये. मीठ चव लागेल इतपत, लिटरभर पातळ पेजेला सपाट अर्धा छोटा चमचा. तांदळाचा पिष्ट पदार्थ आतड्यात हळूहळू फुटून त्याचं ग्लुकोज होतं आणि मिठाबरोबर आत शिरतं. जलसंजीवनीची वाट तीच, फक्त सावकाश. ग्लुकोजऐवजी तांदळाच्या पिठाची ओआरएस कॉलऱ्याच्या रुग्णांवर वापरून पाहिली गेली आणि तिने जुलाबाचं प्रमाण कमी झालं. पेजेत मीठ घालणाऱ्या आजीचा हात बरोबर पडत होता. तरी जुलाब चालू असेपर्यंत पेज ओआरएसच्या जोडीला, तिच्या बदल्यात नाही.

साळीच्या लाह्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या बत्ताशांबरोबर सगळीकडे मिळतात. एरवी त्या विचारून घ्याव्या लागतात, आणि दुकानदार कधी चुरमुरे तर कधी मक्याच्या लाह्या पुढे करतो. साळीची लाही म्हणजे टरफलासकटचं भात भाजून फुललेली, पांढरी, हलकी, कडेला कुठे कुठे टरफल चिकटलेली. ते टरफल टोचतं, घशात अडकतं. म्हणून लाह्या ताटात पसरून निवडायच्या, वरून हलकी फुंकर मारायची. मग वाटीभर लाह्या तीन वाट्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून गाळून घ्यायच्या, चिमूटभर मीठ घालायचं. ज्याला पेजेचा वाससुद्धा सहन होत नाही, त्याला हे पाणी बहुधा चालतं. दिवाळीच्या उरलेल्या लाह्या डब्यात असतील तर आधी वास घ्यावा. कुबट वास येत असेल तर त्या आजाऱ्याला देऊ नयेत.

सोमवारी आटवल. एक वाटी कणी, पाव वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ, आणि वाढताना अर्धा चमचा तूप. मूगच का, याचं कारण डाळीच्या घडणीत आहे. सोललेली मूगडाळ लवकर शिजते, आणि हरभऱ्याच्या डाळीने पोट जसं फुगतं तसं तिने बहुधा फुगत नाही. भातात प्रथिनं थोडी, तीही अपुरी. डाळ घातली की ती उणीव भरून निघते. ब्रेड, बिस्किटं आणि साबुदाणा यांवर आजारी माणूस चार-चार दिवस काढतो, तिथे हीच उणीव राहते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्याची पाण्यातली पातळ खीर पोटाला त्रास देत नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. दाण्याचा कूट घातलेली खिचडी तर अजून आठवडाभर दूर ठेवावी. क्रीमच्या बिस्किटांत मैदा, साखर आणि तेल याशिवाय फारसं नसतं. खारीत वनस्पती तूप असतं. साधा टोस्ट चालेल.

मंगळवारी मुलाने मऊ भातावर मेतकूट मागितलं, तेव्हा त्याची चव परत आली हे घराला कळलं. मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, गहू असं भाजून दळलेलं असतं, त्यामुळे ते चमचाभर चालतं. विकतचं घेताना मिरची कुठे आहे ते बघावं. पाकिटावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, असा नियम आहे. जे पहिलं ते सगळ्यांत जास्त. हाच नियम 'नाचणी सत्त्व' म्हणून मिळणाऱ्या डब्यांना लावला, तर अनेकदा साखर किंवा दूधपावडर नाचणीच्या आधी आलेली दिसते. नुसत्या नाचणीचं गाळलेलं सत्त्व मिळालं तर घ्यावं. अख्ख्या नाचणीचं पीठ कोंड्यासह असतं, ते जुलाब थांबेपर्यंत नको.

दुधाबद्दल घरोघरी भीती असते. आतड्याचं अस्तर दुखावलं की दुधातली साखर पचवणारं द्रव्य काही दिवस कमी पडतं. दूध प्यायल्यावर पोट फुगलं आणि जुलाब वाढले, तर दोन-चार दिवस दही-ताकावर यावं. तसं काही झालं नाही तर दूध तोडायचं कारण नाही. विकतचं मसाला ताक मात्र नको, त्यात मिरची आणि मीठ दोन्ही सढळ असतं.

आता एक चूक, जी काळजीपोटीच होते. सकाळी कुकरभर मऊ भात करून ठेवायचा आणि लेकराला दिवसभर थोडा-थोडा द्यायचा. शिजलेल्या भातात टिकून राहणारे काही जिवाणू खोलीच्या तापमानाला वाढतात आणि विष तयार करतात. काही विषं पुन्हा गरम करूनही जात नाहीत. बऱ्या होत आलेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा उलटी झाली की "आजार उलटला" म्हणतात, आणि कधी कधी कारण कुकरमध्ये असतं. वाटीभरच करावं. उरलं तर लगेच पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवावं.

तापातून उठलेल्याचं पोट बहुधा बरं असतं, तोंड मात्र कडू असतं. तापात शरीराचा खर्च वाढतो. एक अंश सेल्सिअस तापामागे साधारण दहा ते तेरा टक्के जास्त ऊर्जा लागते. म्हणून तिथे आटवलीबरोबर मुगाचं कढण, मऊ उकडलेलं अंडं, दही-भात यांना लवकर जागा द्यावी. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होऊ शकतात. त्या वेळी पोटात सतत दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची मरगळ दिसली, तर पेजेची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. जुलाबातही शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही, ओआरएससुद्धा ठरत नाही किंवा मूल गुंगीत आहे, यांपैकी एक जरी दिसलं तरी घरचे उपाय थांबवावेत. आजारी माणूस मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल, तर किती पाणी, किती मीठ आणि केळी-शहाळं चालेल का, हे डॉक्टरांनीच सांगायचं. मधुमेहाच्या रुग्णाला ओआरएस नाकारू नये, पण साखर तपासत राहावं.

गुरुवारी मुलाने फुलका आणि दुधीची भाजी खाल्ली. शुक्रवारी शाळेत गेला. आईने फ्रिजवर कागद चिकटवला आहे: पुढचे दोन आठवडे चार वाजता एक जादा खाणं. आजारात मुलांचं उतरलेलं वजन भरून यावं म्हणून जागतिक आरोग्य संघटना जुलाबानंतर एवढंच सांगते, रोज एक वेळ जास्त. कागदावर आजीच्या अक्षरात सोमवार केळं, मंगळवार तुपातला मऊ शिरा, बुधवार अंडं असं लिहिलं आहे. औषधांच्या डब्यात चार पुड्या आहेत, प्रत्येकीवर तिने पेनने मोठं लिहून ठेवलंय: 'बाटलीभर पाणी'.